आडत्याची पट्टी: कपातीची कोणती ओळ कशावर मोजली आणि कोणी भरायची

मार्केट यार्डात माल विकला की तो विकून देणाऱ्या आडत्याच्या गाळ्यावरून एक कागद मिळतो. छापील नाव हिशोबपट्टी, पण सगळे नुसतं पट्टी म्हणतात. वर शेतकऱ्याचं नाव, गाव, गाडी नंबर. त्याखाली मालाची जात, गोण्या, वजन, दर आणि विक्रीची रक्कम. मग खर्चाच्या ओळी आणि तळाला निव्वळ देणे. घरी आल्यावर दर काय मिळाला आणि हातात किती पडले, एवढं विचारलं जातं. मधल्या ओळी कोणी वाचत नाही, आणि गडबड व्हायची असेल तर ती तिथेच होते.

त्या ओळी वाचायला हिशेबनीस असायची गरज नाही. प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारायचे. ही रक्कम कशावर मोजली: मालाच्या किमतीवर, वजनावर, गोणीवर की गाडीवर? आणि ती भरायची कोणी: विकणाऱ्याने की घेणाऱ्याने? दोन्हीची उत्तरं मिळाली की पट्टी उलगडते.

एक पट्टी समोर ठेवू. कांद्याची आहे. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, प्रत्येक बाजार समितीचे दर वेगळे असतात. शेतकऱ्याने ६० गोण्या आणल्या आणि लिलावात त्यांच्या तीन प्रतवाऱ्या झाल्या: एक नंबर, दोन नंबर आणि गोल्टी, म्हणजे बारीक कांदा.

एक नंबर: ३८ गोण्या, १,९७६ किलो, दर १,५०० रुपये क्विंटल = २९,६४० रुपये
दोन नंबर: १५ गोण्या, ७६५ किलो, दर १,००० रुपये क्विंटल = ७,६५० रुपये
गोल्टी: ७ गोण्या, ३५० किलो, दर ५०० रुपये क्विंटल = १,७५० रुपये
एकूण विक्री: ६० गोण्या, ३,०९१ किलो = ३९,०४० रुपये

हमाली: गोणीला ६ रुपये = ३६० रुपये
तोलाई: गोणीला ३ रुपये = १८० रुपये
मोटारभाडे: गोणीला ५० रुपये = ३,००० रुपये
उचल वजा: ५,००० रुपये
निव्वळ देणे: ३०,५०० रुपये

पहिलं लक्षात घ्यायचं ते असं की या पट्टीत आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, नाही आणि बाजार फीही नाही. छापायची राहिली असं नाही, त्या इथे असायलाच नकोत.

बाजार फीला यार्डात सेस म्हणतात. महाराष्ट्रात बाजार समित्या १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्यावर चालतात. त्या कायद्याप्रमाणे ही फी समिती खरेदीदाराकडून घेते. व्यवहारात आडत्या ती खरेदीदाराच्या बिलात लावतो, वसूल करतो आणि समितीत भरतो. म्हणजे पैसे आडत्याच्या हातातून जातात, पण ते शेतकऱ्याचे नसतात. फीसोबत देखरेख शुल्क नावाची एक बारीक रक्कमही असते, शंभराला ५ पैसे. तीही घेणाऱ्याच्याच बिलात लागते.

आडतीची गोष्ट थोडी निराळी. पूर्वी फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याच्याच पट्टीतून कापत असत आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला. म्हणजे यार्डाबाहेर विकायची मोकळीक दिली, आणि त्याच निर्णयात यार्डातल्या विक्रीची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. कांदा-बटाटाही त्यात आला. त्या वेळी आडत्यांनी बंद पुकारला, काही दिवस भाज्यांची आवक विस्कळीत झाली आणि मग नवी पद्धत रुळली. त्यामुळे आज कांद्याच्या पट्टीत 'आडत' किंवा 'कमिशन' या नावाखाली पैसे कापलेले दिसले, तर तिथेच थांबून विचारायचं.

आता तोच व्यवहार खरेदीदाराच्या बिलात बघा. माल ३९,०४० रुपयांचा. आडत समजा शेकडा ६, म्हणजे २,३४२ रुपये ४० पैसे. बाजार फी शेकडा १ धरली तर ३९० रुपये ४० पैसे. देखरेख शुल्क १९ रुपये ५२ पैसे. खरेदीदाराने आडत्याला द्यायचे एकूण ४१,७९२ रुपये ३२ पैसे, शिवाय त्याच्या वाट्याची हमाली. एकाच मालाचे असे दोन कागद निघतात आणि शेतकऱ्याला त्यातला एकच दिसतो. दोन्ही कागदांवर सारखा असायला हवा असा आकडा एकच, मालाची किंमत. खरेदीदाराच्या बिलात ती ३९,०४० पेक्षा जास्त असेल, तर मधला फरक कुठेतरी अडकला. लिलावाच्या वेळी केलेली सौदा पावती म्हणूनच जपून ठेवायची असते. दर, गोण्या आणि घेणाऱ्याचं नाव लिलाव होतो तेव्हाच तिच्यावर लिहिलेलं असतं. पट्टी नंतर गाळ्यावर बसून तयार होते. पट्टीवर खरेदीदाराच्या नावाची जागा कोरी असेल तर ती घाईत राहिली असेल किंवा मुद्दाम ठेवली असेल. दोन्ही वेळा भरून मागायची.

सेस आणि आडत चुकून शेतकऱ्याच्या पट्टीत आली असती तर? आडतीचे २,३४२ आणि फीचे ३९० मिळून २,७३२ रुपये ८० पैसे गेले असते. आणि खरेदीदाराकडूनही तेच पैसे घेतले असतील, तर एकाच व्यवहाराची आडत दोनदा निघाली. पट्टीवर हे 'आडत' म्हणून लिहिलेलं क्वचित सापडतं. 'इतर खर्च', 'किरकोळ', 'धर्मादाय' अशा नावांखाली ते बसलेलं असतं. शंका आली तर ती रक्कम विक्रीच्या किमतीने भागायची. बरोबर ४, ६ किंवा १ टक्का निघाला, तर ती हमाली नव्हे. हमाली कधीच किमतीच्या टक्क्यात येत नाही.

हमालीवर थोडा वेळ थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. गाडी आली की हमाल माल उतरवतात, गाळ्यावर किंवा ओट्यावर लावतात, काट्यावर चढवतात. लिलाव झाल्यावर तोच माल खरेदीदाराच्या गोदामात किंवा गाडीत जातो. साधा नियम असा, की विक्री होईपर्यंतचं काम विकणाऱ्याच्या खात्यावर आणि विक्रीनंतरचं घेणाऱ्याच्या. उतराई आपली, भराई त्याची. पट्टीत 'हमाली' असा एकच शब्द असला की दोन्ही कामं त्यात मिसळली जाऊ शकतात. कोणत्या कामाची किती, हे समितीच्या दरपत्रकात ठरलेलं असतं आणि ते दरपत्रक समितीच्या कार्यालयात मागून पाहता येतं. नाशिककडे कांदा ट्रॅक्टर-ट्रॉलीतून मोकळा येतो, तिथे गोणी नसतेच. मग हमाली क्विंटलवर मोजतात. पद्धत कोणतीही असो, पट्टीवर 'किती गुणिले दर' दिसायला हवं. आमच्या पट्टीत ६० गुणिले ६ असं आहे, म्हणून तो आकडा तपासता येतो. नुसतं '३६० हमाली' लिहिलं असतं तर काय तपासणार?

तोलाई म्हणजे वजन करणाऱ्या तोलाराची मजुरी. तराजू होते तेव्हा एकेक गोणी टांगून वजनं लावायची, ते काम कष्टाचं होतं. आता इलेक्ट्रॉनिक काट्यावर गोणी ठेवली की आकडा दिसतो. म्हणून इलेक्ट्रॉनिक काटा असेल तिथे शेतकऱ्याकडून तोलाई घेऊ नये, ही मागणी जुनी आहे आणि वादही जुनाच आहे. वाराई म्हणून आणखी एक ओळ काही ठिकाणी असते, तिचाही हाच तंटा. हमाल-तोलारांसारख्या माथाडी कामगारांसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात मजुरीच्या वर माथाडी मंडळात लेव्ही भरावी लागते. भविष्य निर्वाह निधी, वैद्यकीय मदत वगैरे त्यातून होतं. ही लेव्ही कोणी सोसायची आणि हमाली-तोलाई शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची की नाही, यावरून एप्रिल २०२४ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत कांद्याचे लिलाव बंद पडले होते. पट्टीवरच्या दोन-तीन रुपयांच्या ओळींवरून अख्ख्या जिल्ह्याचा बाजार थांबला. त्या ओळी किरकोळ समजायच्या नाहीत, हे यार्डातल्या सगळ्यांना चांगलं ठाऊक आहे. हमाल मात्र यात नाहक बदनाम होतो. त्याला मिळते ती कामाची मजुरी, आणि ती कोणाच्या खिशातून जावी हा भांडणाचा मुद्दा त्याचा नाही.

मोटारभाडं खरं तर आडत्याचा विषयच नाही. गाडीवाल्याचं भाडं शेतकऱ्याने द्यायचं असतं, पण त्याच्या हातात तेव्हा पैसे नसतात. म्हणून आडत्या गाडीवाल्याला देऊन टाकतो आणि पट्टीत वळतं करतो. सोय चांगली आहे. फक्त गाडीवाल्याशी किती ठरलं होतं ते आपण स्वतः लिहून ठेवलेलं असावं, कारण पट्टीतला आकडा आडत्याने लिहिलेला असतो आणि गाडीवाला तोपर्यंत गावाला गेलेला असतो.

उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे. बियाण्याला, औषधाला किंवा लग्नाला आडत्याकडून घेतलेले. ती कपात खर्च नव्हे, परतफेड आहे. म्हणून पट्टी वाचताना ती बाजूला ठेवायची. मालाचं खरं उत्पन्न काढायचं असेल तर उचल वजा करण्याआधीचा आकडा धरायचा. आपल्या पट्टीत तो ३५,५०० रुपये. उचलीच्या ओळीजवळ तारीख आणि शिल्लक बाकी लिहून घ्यायची, नाहीतर तीच उचल दोन पट्ट्यांत कापली गेली तरी कळत नाही. ज्याची उचल घेतली त्याच्याच गाळ्यावर माल न्यावा लागतो, तेव्हा प्रश्न विचारणं जड जातं, हेही खरं.

आता या पट्टीतली सगळ्यात मोठी गोष्ट. हमाली, तोलाई आणि भाडं, तिन्ही गोणीवर आहेत. मिळून गोणीला ५९ रुपये, ६० गोण्यांचे ३,५४०. विक्री ३९,०४० ची आहे तोवर हे शंभरातले नऊ रुपये. पण कांद्याचा दर एक चतुर्थांशावर आला तर? विक्री ९,७६० रुपये, आणि कपात तीच ३,५४०. आता शंभरातले छत्तीस रुपये गेले. किमतीवरची कपात दरासोबत खाली येते, गोणीवरची येत नाही. दर पडतो तेव्हा गोणीवरच्या या ओळी माल खाऊन टाकतात.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरची एक पट्टी गाजली, ती याच कारणाने. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने १० गोण्या, ५१२ किलो कांदा सोलापूरला नेला. दर मिळाला किलोला १ रुपया, म्हणजे विक्री ५१२ रुपये. भाडं, हमाली आणि तोलाई वजा जाता उरले २ रुपये ४९ पैसे. हातात दोन रुपयांचा चेक पडला, तोही पुढच्या तारखेचा. संताप होणं साहजिक होतं. पण ती पट्टी नीट बघितली तर त्यात बेरीज-वजाबाकीची चूक नव्हती. गोणीमागे साधारण ५१ रुपये खर्च होता आणि गोणीत साधारण ५१ किलो कांदा. दर किलोला एक रुपया झाला त्याच क्षणी माल शून्यावर आला. त्या विक्रीवर बाजार फी आणि देखरेख शुल्क शेतकऱ्याकडून घेतलं असतं, तरी ते साडेपाच रुपयांच्या आतच राहिलं असतं. सेस शेतकऱ्याला बुडवतो, असा जो सर्रास समज आहे, त्याच्या उलट हे चित्र आहे. बुडवलं भाड्याने आणि मजुरीने, आणि त्या दोन्ही गोष्टी त्या दिवशीच्या दराला बांधलेल्या नव्हत्या.

यातून हिशेबाची एक सवय लागते. माल गाडीत भरण्याआधी गोणीमागे एकूण किती खर्च येणार ते काढायचं आणि गोणीतल्या वजनाने भागायचं. आपल्या उदाहरणात ५९ भागिले साधारण ५१.५, म्हणजे किलोला १ रुपया १५ पैसे. त्याखाली दर असेल तर माल नेणं म्हणजे खिशातून पैसे घालणं. गोल्टीच्या सात गोण्यांना किलोला ५ रुपये मिळाले, त्यातले १ रुपया १८ पैसे खर्चात गेले, कारण त्या गोण्या ५० किलोच्या होत्या. एक नंबरला तोच खर्च १५ रुपयांतून गेला. हलका माल पट्टीची सरासरी खाली ओढतो तो असा. तो शेतावरच वेगळा काढून वेगळ्या दिवशी न्यावा की सोबत, हे पट्टी वाचल्यावर ठरवता येतं.

पट्टीवर छापलेल्या कपातींबद्दल एवढं झालं. एक कपात मात्र पट्टीवर छापलेलीच नसते, ती वजनात असते.

काट्यावर प्रत्येक गोणीचं वजन लिहिलं जातं, ती काटापट्टी. काट्यावर ५२ किलो ४०० ग्रॅम दिसलं आणि लिहिलं ५२, तर ४०० ग्रॅम गेले. कधी ९०० जातात, कधी १००. सरासरी गोणीला अर्धा किलो धरा. ६० गोण्यांना ३० किलो. आपल्या पट्टीतला सरासरी दर किलोला १२ रुपये ६३ पैसे पडतो, म्हणजे जवळपास ३८० रुपये. छापलेली हमाली ३६० होती. ज्या ओळीवरून भांडण झालं असतं तिच्याहून मोठी रक्कम कागदावर न येताच गेली. समजा काटापट्टीची पूर्ण बेरीज ३,१२१ किलो होती आणि पट्टीत ३,०९१ आले. हा फरक पकडायला दोन कागद शेजारी ठेवावे लागतात. त्यासाठी काटापट्टी मागून घ्यावी लागते, आणि तिच्यावर ग्रॅमसुद्धा लिहिलेले असावे लागतात.

बारदानाचं वजन वजा करणं योग्यच आहे, पण ते खरं असेल तेवढंच. तागाचं बारदान अर्ध्या किलोच्या वर भरतं. प्लॅस्टिकची जाळीदार गोणी त्याच्या कितीतरी पट हलकी असते. जाळीच्या गोणीला तागाच्या गोणीएवढी वजावट लावली असेल तर तो कडता झाला, म्हणजे वजनातली जादा कपात. कडता, सूट, नमुन्यासाठी म्हणून उचललेला माल, या सगळ्या जुन्या रूढी आहेत. नियमात किंवा समितीच्या उपविधीत न सांगितलेली कोणतीही सूट घ्यायला कायद्याने बंदी आहे. रूढी मात्र अजून आहेत, कारण त्या कागदावर येत नाहीत. गोणी काट्यावर असताना तिथे घरचं माणूस उभं असलं की त्या आपोआप कमी होतात. गाळ्यावरचे दिवाणजी वाईट नसतात. वरचे ग्रॅम सोडून द्यायचे ही त्यांच्या हाताची सवय असते.

एक ओळ शोधायचीच नाही ती जीएसटीची. कच्च्या शेतमालाच्या विक्रीतली आडत्याची आणि बाजार समितीची सेवा जीएसटीतून मुक्त आहे, कांद्यावरही तो नाही. पट्टीत जीएसटी कापलेला दिसला तर त्याचा नंबर आणि कारण लेखी मागा.

आता पैसे कधी. विक्री झाल्यापासून २४ तासांत पैसे मिळायला हवेत, असा बाजार समित्यांचा नियम आहे. व्यवहारात पंधरा दिवसांचा किंवा महिन्याचा चेक देतात. दोन रुपयांचा तो चेकही पुढच्या तारखेचाच होता. पट्टीवर आजची तारीख आणि चेकवर पुढची असेल, तर पट्टी 'पूर्ण मिळाले' अशी सही करून परत देऊ नका. चेक नंबर आणि त्याची तारीख पट्टीवर लिहून घ्या. पुढे तक्रारीची वेळ आली तर हाच पुरावा असतो.

तक्रार आधी बाजार समितीच्या सचिवाकडे, लेखी. सोबत तीन कागद जोडायचे: सौदा पावती, काटापट्टी आणि हिशोबपट्टी. पोहोच घ्यायची. तिथे दाद लागली नाही तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे जायचं, कारण जिल्ह्यातल्या बाजार समित्यांवर देखरेख त्यांची असते. अर्जात 'माझी फसवणूक झाली' एवढंच लिहिलं तर तो अर्ज फायलीत पडून राहतो. 'काटापट्टीप्रमाणे वजन ३,१२१ किलो, पट्टीत ३,०९१ किलो, फरक ३० किलो, सरासरी दराने ३७९ रुपये' असं लिहिलं तर आडत्याला बोलावून त्याचं उत्तर मागावं लागतं.